सात इंच म्हणजे नेमके कुठून सात? हाफ पॅन्टची लांबी, मांडीचा घेर आणि नेफ्याचं गणित

मे महिना लागला की जळगाव-भुसावळकडे अकरा वाजल्यानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पारा ४४-४५ला टेकलेला असतो. घरातले पुरुष हाफ पॅन्टवर येतात, आणि सकाळच्या पोहण्याच्या बॅचेस भरतात. याच दिवसांत मला फोन सुरू होतात, कारण माझ्या वडिलांचं अमळनेरला टेलरिंगचं दुकान होतं आणि नातेवाइकांच्या लेखी कपड्याचं मोजमाप हे अजूनही आमच्याच घराचं खातं आहे.

यंदाचा फोन भाऊजींचा होता. बापलेक दोघांनी पोहायला जायचं ठरवलं आणि मोबाइलवरून एकाच नमुन्याच्या दोन स्विमिंग ट्रंक मागवल्या. मुलाला एस, स्वतःला एक्सेल. दोन्हींवर लिहिलेलं, ‘इनसीम ७ इंच’. दोघांची उंचीही सारखीच, ५ फूट ६ इंच. भाच्याला ट्रंक अंगावर शिवल्यासारखी बसली. भाऊजींची मात्र उभं राहिलं की गुडघ्याजवळ येते, खुर्चीत बसलं की मांडीवर आवळून वर चढते, आणि कमरेवर तर थांबतच नाही. “अरे, एकाच कंपनीच्या सात इंचात एवढा फरक कसा? माप चुकलंय, परत पाठवतो,” असं त्यांचं म्हणणं.

माप चुकलेलं नव्हतं. सातचे सातच इंच होते. फक्त ते सात इंच कुठून मोजतात आणि पॅन्ट अंगावर कुठे लटकते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एकदा नीट लक्षात आलं, की लांबी, मांडी आणि कंबर ही तीन कोडी नसून एकच असल्याचं कळतं.

लांबीचे दोन आकडे

आपल्याकडे दुकानदार हाफ पॅन्टची लांबी सांगतो ती कमरेपासून खाली, बाहेरच्या बाजूने. ‘एकोणीसची लांबी आहे’ म्हणजे कमरपट्टीच्या वरच्या कडेपासून खालच्या दुमडीपर्यंत १९ इंच. ऑनलाइन तक्त्यात लिहिलेलं इनसीम हे दुसरं माप आहे. जांघेत चार शिलाया जिथे एकत्र येतात त्या जोडापासून, पायाच्या आतल्या शिलाईने खालच्या दुमडीपर्यंतचं अंतर म्हणजे इनसीम. त्या जोडापासून वर कमरपट्टीपर्यंतचा जो भाग उरतो त्याला टेलर आसन म्हणतात.

म्हणून १९ची लांबी आणि ७चं इनसीम ही एकाच पॅन्टची दोन मापं असू शकतात. पॅन्ट शिवताना बाहेरची लांबी म्हणजे ढोबळमानाने आसन अधिक इनसीम. आसन खोल असेल तर १९च्या पॅन्टचं इनसीम सहाच निघतं, आसन उथळ असेल तर आठ. एका दुकानातली १९ची पॅन्ट आवडली म्हणून दुसरीकडून १९चीच मागवली आणि ती वेगळीच निघाली, यामागचं कारण बहुतेक वेळा हेच.

तयार शॉर्ट्समध्ये साधारण ५, ७, ९ आणि ११ इंचांची इनसीम मिळतात. आपण ज्याला सरसकट बर्मुडा म्हणतो तो गुडघा झाकणारा ढगळ प्रकार ११ किंवा त्याहून जास्त असतो. गंमत अशी, की ज्या बर्मुडा बेटावरून हे नाव आलं तिथली पॅन्ट गुडघ्याच्या वरच संपते आणि लांब मोज्यांसह, कोटाखाली, कचेरीत घातली जाते. नाव तिकडून आलं आणि लांबी आपण वाढवली.

खाटेवर मोजा, अंगावर नको

स्वतःच्या अंगावर इनसीम मोजायला गेलात तर टेप कुठे धरायची हेच कळत नाही. त्याऐवजी तुम्हाला छान बसणारी घरातली एक हाफ पॅन्ट घ्या, धुऊन वाळवलेली. ती खाटेवर किंवा फरशीवर सपाट पसरा, सुरकुत्या हाताने काढा, पण ताणू नका.

चार शिलायांच्या जोडापासून आतल्या शिलाईने खालपर्यंत मोजलं की इनसीम मिळालं. त्याच जोडापासून एक इंच खाली या आणि टेप आडवी, एका पायाच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत धरा. जो आकडा येईल त्याची दुप्पट म्हणजे कपड्याचा मांडीचा घेर. खालच्या दुमडीची रुंदी दुप्पट केली की बॉटम. शेवटी जोडापासून पुढच्या बाजूने वर कमरपट्टीच्या कडेपर्यंत मोजा, ते पुढचं आसन. हे चार आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. एस, एम, एल ही अक्षरं प्रत्येक कंपनीची आपापली असतात, इंच मात्र सगळीकडे सारखा.

एक सावधगिरी बाळगा. तक्त्यात मांडीचं माप कधी पूर्ण घेर म्हणून लिहितात, कधी सपाट रुंदी म्हणून. ‘मांडी १२.५’ असं दिसलं तर घाबरू नका, तो निम्मा आकडा आहे, घेर २५.

सात इंच गुडघ्याच्या किती वर?

इथे थोडं गणित करू, भाच्याच्या अंगावर. त्याला भिंतीला पाठ लावून उभं केलं. जमिनीपासून जांघेपर्यंत साडेतीस इंच भरले. जमिनीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत साडेअठरा. म्हणजे जांघ ते वाटीचा मध्य, १२ इंच.

कपड्याचा जोड जांघेला चिकटलेला नसतो, नसावाही. चालता-बसताना जागा हवी म्हणून तो साधारण एक इंच खाली लोंबतो. तर एक इंच मोकळीक आणि सात इंच इनसीम मिळून कापड जांघेपासून आठ इंच खाली संपलं. बारातून आठ गेले, वाटीच्या मध्यापासून चार इंच वर. हेच पाच इंची घेतलं असतं तर सहा इंच वर, म्हणजे मांडीच्या मध्यावर. नऊ इंची घेतलं असतं तर दोन इंच वर, म्हणजे वाटीच्या वरच्या कडेला जवळजवळ टेकलेलं. अकरा इंचीने अर्धी वाटी झाकली असती.

माणूस सहा फूट असेल तर त्याचं जांघ ते गुडघा हे अंतर इंच-सव्वा इंचाने वाढतं, म्हणून तेच सात इंच त्याला आखूड दिसतं. पण उंचीचा फरक एवढाच पडतो. पाच-सहा इंच जास्त उंच माणसासाठी इनसीम एखाद-दीड इंच वाढवलं की पुरे. आपल्याकडे ‘उंच आहेस, लांबच घे’ म्हणून थेट गुडघ्याखालची देतात, त्याला मापाचा काही आधार नाही.

मग भाऊजींना तीच लांब का झाली?

वडील दुकानात गिऱ्हाइकाला लांबी विचारायच्या आधी कंबर बघायचे. बघायचे म्हणजे मोजायचे नाहीत. तो माणूस पॅन्ट बेंबीवर बांधतो की पोटाखाली, हे नजरेने टिपायचे. “आधी कमर पाह्य भो, लांबी मंग,” हे वाक्य मी काज-बटणं करत असताना किती वेळा ऐकलं असेल. त्याचा अर्थ मला भाऊजींच्या ट्रंकने पुन्हा दाखवला.

भाऊजींचा घेर बेंबीवर ४० इंच, पोटाखाली ३७, आणि नितंबांवर ३९. मातीचं मडकं घ्या आणि त्याच्या पोटाच्या वरच्या उतारावर रबर बँड चढवा. तो तिथे थांबत नाही, गळ्याकडे घसरतो, कारण ताणलेल्या रबराला कायम कमी घेराची जागा हवी असते. पोट पुढे आलेल्या माणसाचं तसंच, फक्त इथे कमी घेराची जागा पोटाखाली आहे. पट्टी बेंबीवर चढवली की चार पावलांत पोटाखाली उतरते. त्यात इलॅस्टिक खराब असल्याचा प्रश्न नाही, आकाराचा आहे.

आता त्या एक्सेल ट्रंकचं पुढचं आसन होतं साडेबारा इंच, म्हणजे पट्टी बेंबीच्या जवळ राहील असं गृहीत धरून कापलेलं. भाऊजींच्या जांघेपासून पोटाखालच्या रेषेपर्यंत, एक इंच मोकळीक धरून, लागतात साडेदहा. दोन इंच कापड जास्त. पट्टी खाली आली की हे दोन इंच कुठे जाणार? जोड दोन इंच खाली उतरतो आणि त्याच्यासोबत सगळा पाय उतरतो. म्हणून मुलाला गुडघ्याच्या चार इंच वर असलेली कड बापाला दोन इंचांवर आली. इनसीम बदललं नाही, ते टांगायची खुंटी खाली सरकली.

पोटाखाली पॅन्ट घालणाऱ्यांनी म्हणून इनसीमच्या आधी पुढचं आसन बघावं. ते अंगाच्या मापापेक्षा जितकं जास्त, तितकं इनसीम कमी धरायचं. भाऊजींच्या बाबतीत पाच इंची ट्रंक अंगावर बरोब्बर सात इंचीसारखी दिसणार होती.

मांडीचा घेर: उभ्याने नव्हे, बसून ठरतो

लांबीचा निकाल लागला तरी आवळण्याचा राहतोच. भाऊजींची मांडी, जांघेच्या थोडं खाली सगळ्यात जाड जागी, उभ्याने २४ इंच. ट्रंकचा मांडीचा घेर २५. एक इंच मोकळीक आहे की, असं वाटेल. पण खुर्चीवर बसवून पुन्हा टेप लावली तर मांडी पसरून २५च्या पुढे गेली. मोकळीक संपली.

बसताना आणखी एक गोष्ट घडते. नितंब गोल होतात आणि मागच्या बाजूला कापड जास्त लागतं. ते दोनच ठिकाणांहून येऊ शकतं, वरून कमरपट्टी मागे खाली खेचली जाते किंवा खालून पायाचं कापड वर ओढलं जातं. पाय सैल असेल तर कापड दीड-दोन इंच वर जातं आणि उठल्यावर आपोआप खाली येतं. पाय घट्ट असेल तर वर गेलेलं कापड मांडीच्या जाड भागावर अडकतं, आणि उठल्यावर प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी खाली ओढावं लागतं. रस्त्यात उठता-बसता हाफ पॅन्ट खाली ओढणारा माणूस दिसला तर समजा, लांबी बरोबर असून मांडी कमी पडली आहे.

न ताणणाऱ्या कापडात उभ्या मांडीपेक्षा कपड्याचा घेर किमान अडीच-तीन इंच जास्त हवा. लायक्रा मिसळलेलं, हाताला ताणणारं कापड असेल तर दीड इंच चालतं. भाऊजींना साध्या कापडात साडेसव्वीस-सत्तावीसच्या खाली जायलाच नको होतं.

उलट टोकही आहे. भाच्याच्या मांडीचा घेर २०. त्याला कोणी २८ घेराची पाच इंची दिली तर उभ्याने झकास दिसेल, पण आपण जमिनीवर मांडी घालून बसणारी माणसं. पंगतीत बसलं की एवढ्या रुंद आणि आखूड बॉटममधून आतलं सगळं दिसतं. परदेशी तक्त्यात ही अडचण धरलेली नसते. म्हणून दुकानात घालून बघताना आरशासमोर उभं राहून थांबू नका. मांडी घालून बसा, उकिडवे बसा, एक पाय स्टुलावर ठेवा. लाजायचं कारण नाही. कपडा रोज ज्या बैठकींत वापरणार, त्यांतच तो तपासायचा.

“मांड्या जाड आहेत, मग लांबच घ्यायला हवी ना?”

हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यात अर्धं खरं आहे.

खरं काय, तर जाड मांड्या वरच्या भागात एकमेकींना घासतात. खानदेशातल्या उन्हाळ्यात घाम वाळून त्वचेवर मीठ राहतं आणि तासभर चालल्यावर आतून सोलपटतं. जिथपर्यंत मांड्या एकमेकींना लागतात तिथपर्यंत मध्ये कापड हवं. हे अंतर तुम्हाला स्वतःलाच मोजता येतं. लांब चालून आल्यावर आतल्या बाजूची लाली कुठे संपते ते बघा, आणि जांघेपासून तिथपर्यंत टेप लावा. भाऊजींचं ते साडेचार इंच निघालं. चालताना कापड वर सरकतं, म्हणून त्यात दोन इंच मिळवा. फिरायला जाण्याच्या पॅन्टला साडेसहा-सात इंचांची गरज त्यांना खरोखर आहे.

चूक काय, तर लांब घेतली की जाड मांडी सुटसुटीत होते हा समज. मांडी खाली गुडघ्याकडे निमुळती होते, म्हणून लांब पॅन्टचा बॉटमही निमुळता कापतात. बसल्यावर तोच अरुंद बॉटम वर, जाड भागावर सरकतो आणि आवळतो. जाड मांडीला मध्यम लांबी आणि मोठा घेर लागतो. लांबी वाढवून घेराची उणीव भरून निघत नाही.

आणि जुनी लांब पॅन्ट कापून आखूड करायची असेल तर कात्री लावण्याआधी खिशात हात घाला. खिशाची पिशवी आतून किती खाली येते ते बघा. मी अकरा इंची कापून सात केलेल्या पॅन्टच्या खालून पांढरा खिसा जिभेसारखा बाहेर आलेला पाहिला आहे. आणि दुमडीसाठी सव्वा इंच जास्त सोडायला विसरू नका. सात हवी तर सव्वाआठवर कापायची. आखूड झालेली मात्र वाढत नाही. आतल्या दुमडीत मिळून मिळून इंचभर कापड असतं, तेही उसवल्यावर जुनी घडी ठळक दिसते.

इलॅस्टिक धरतं, नाडी अडवते

आता नेफ्याकडे. नेफा म्हणजे कमरेची ती दुमडलेली पोकळ पट्टी, जिच्यातून इलॅस्टिक किंवा नाडी ओवतात. ‘दोन्हींपैकी चांगलं काय’ असं लोक विचारतात, पण दोघांचं काम एकच नाही.

इलॅस्टिक जितकं ताणलं जाईल तितकं आत ओढतं. पोट दिवसभर एका मापाचं नसतं. वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरीचं जेवण झालं की कंबर बसल्या जागी इंचभर वाढते, श्वासाबरोबर कमी-जास्त होते. इलॅस्टिक या सगळ्याबरोबर जातं आणि हात लावावा लागत नाही. पण तीच त्याची मर्यादा. त्याला जोराने ओढलं की तेही वाढतं, नको म्हणत नाही. खिशात जड मोबाइल आणि गाडीची किल्ली टाकून जिना चढताना याचा अनुभव येतो.

नाडी ताणत नाही. जिथे बांधली तो घेर पक्का. जेवणानंतर ती काचते, सैल केली की घसरते, म्हणून दिवसभर बसायच्या पॅन्टला नुसती नाडी त्रासदायक. पण ओढ लागली तर ती तसूभर हलत नाही.

म्हणून बसण्या-झोपण्याच्या घरातल्या पॅन्टला चांगलं रुंद इलॅस्टिक पुरतं. रुंद म्हणजे सव्वा ते दीड इंच. अर्ध्या-पाऊण इंचाचं इलॅस्टिक तेवढाच जोर कमी जागेत लावतं आणि पोटाखाली लाल वळ उठवतं. धावणं, खेळणं आणि पोहणं यासाठी दोन्ही हवीत. इलॅस्टिकने रोजचा घेर सांभाळायचा, नाडीने त्याला हद्द घालायची.

पाण्यात हिशेब बदलतो

काठावरून उडी मारली की पाणी पायांतून आत शिरून कापड फुगवतं. भिंतीला पाय देऊन पुढे झेपावलं की तेच पाणी कपड्याला मागे, म्हणजे पायांकडे ओढतं. खिसे जाळीचे नसतील तर ते छोट्या बादल्यांसारखे भरतात. ही सगळी ओढ कमरपट्टीवर येते.

ट्रंक कमरेवर राहते कशी, तर नितंब कमरेपेक्षा रुंद असतात म्हणून. ती उतरायची असेल तर पट्टीला नितंबांचा घेर ओलांडावा लागतो. भाच्याची कंबर ३० आणि नितंब ३५, मध्ये पाच इंचांचा चढ. भाऊजींचे ३७ आणि ३९, फक्त दोन इंच. इलॅस्टिकला ते दोन इंच ताणायला कितीसा वेळ लागतो? नाडी मात्र ३७वर बांधली तर ३९ होऊच देत नाही. ज्यांची कंबर आणि नितंब जवळजवळ सारखे आहेत, त्यांनी नुसत्या इलॅस्टिकच्या ट्रंकमध्ये उडी मारू नये.

लाटांवर फळी घेऊन खेळणारे लोक तर सहसा इलॅस्टिक वापरतच नाहीत. त्यांच्या बोर्ड शॉर्ट्सला मापात शिवलेली सपाट पट्टी, पुढे बांधायची नाडी आणि चिकटपट्टी असते, कारण समुद्राची लाट तलावातल्या उडीपेक्षा कितीतरी जोरात ओढते.

लांब ट्रंक घेतली तर पाण्यात जास्त कापड ओढत न्यावं लागतं आणि ओलं कापड गुडघ्यावर पाय मारताना चिकटतं. शिकण्यासाठी पाच ते सात इंच योग्य. स्पर्धेचे पोशाख हा वेगळा प्रकार. जागतिक जलतरण महासंघाच्या नियमानुसार २०१०पासून पुरुषांचा पोशाख बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जाऊ शकत नाही. पण ते अंगाला चिकटलेले असतात, त्यांत पाणी धरायला सैल कापडच नसतं.

सुती हाफ पॅन्टवर पोहायचं नाही, हे बहुतेक तलावांवर सांगतात आणि ते रास्त आहे. सूत पाणी पितं, जड होतं, खाली ओढतं, आणि त्याचे तंतू तलावाच्या फिल्टरमध्ये जातात. पॉलिस्टर किंवा नायलॉन त्या मानाने फार कमी पितं.

ट्रंकच्या आतली जाळीची चड्डी काहींना टोचते म्हणून ते कापून टाकतात. कापायची तर आत घट्ट नायलॉनची चड्डी घालावीच लागते, कारण पाण्यात अंग सावरण्याचं काम ती जाळीच करत असते. बाहेरची लांबी फक्त झाकते.

नाडी खरी की शोभेची?

तयार शॉर्ट्समध्ये कित्येकदा पुढे दोन गोंडे लोंबत असतात आणि नाडी आतून फिरलेलीच नसते. दोन तुकडे पुढे शिवून टाकलेले असतात. ओळखायचं सोपं आहे. दोन्ही टोकं धरून ओढा. नेफ्याला चुण्या पडल्या तर नाडी खरी. एक टोक ओढल्यावर दुसरं आत पळत असेल, तर नाडी खरी पण मागे मध्यभागी टाक्याने अडकवलेली नाही. ती पहिल्याच धुण्यात हरवेल. मागच्या मध्यावर नेफ्यातून आरपार एक उभी शिलाई मारून घेतली की काम झालं.

गाठ कायम सुरगाठ मारा. सुती नाडी पाण्यात फुगते आणि निरगाठ इतकी आवळते की कपडे बदलण्याच्या खोलीत नखं तुटतात. पोहण्यासाठी विणलेली, चपटी, कृत्रिम धाग्याची नाडी उत्तम. गोल आणि गुळगुळीत असेल तर सुरगाठीचे दोन्ही फास एकदा एकमेकांत अडकवून टोकं नेफ्याच्या आत सारा.

इलॅस्टिक ढिलं पडलं तर

लायक्रा म्हणून आपण ओळखतो तो ताणणारा धागा अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये तयार केला. त्याआधी सगळी मदार रबरावर होती, आणि आजही स्वस्त इलॅस्टिकमध्ये रबरच असतं. रबराला उष्णता आणि ऊन मारतं, लायक्राला तलावातलं क्लोरीन. आपल्याकडे पत्र्यावर टाकलेली ट्रंक दोन्हींनी मरते. तलावावरून आलं की साध्या पाण्यात खंगाळा, पिळू नका, आणि सावलीत नेफा वर धरून वाळवा.

नेफा कानाजवळ धरून ताणा. करकर आवाज आला, किंवा सोडल्यावर कड लाटांसारखी वळवळीत राहिली, तर आतलं इलॅस्टिक संपलं. पॅन्ट टाकायची गरज नाही. मागच्या बाजूने नेफा दोन इंच उसवा, जुनं ओढून काढा. पॅन्ट जिथे थांबते तिथला घेर मोजा, त्यातून तीन इंच वजा करा, जोडासाठी एक मिळवा. भाऊजींसाठी ३७ वजा ३ अधिक १, म्हणजे ३५ इंचांची पट्टी. सेफ्टी पिनने ओवा, टोकं इंचभर एकावर एक ठेवून नागमोडी शिलाई मारा. नंतर नेफा ताणून दोन्ही कुशींना आणि पुढे-मागे अशी चार ठिकाणी उभी शिलाई घाला, नाहीतर इलॅस्टिक आत पिळून दोरीसारखं होतं.

भाऊजींनी ती एक्सेल परत पाठवली नाही. तिच्यात मांडीला वाव नव्हता, पण भाच्याच्या मित्राला ती आली. स्वतःसाठी त्यांनी पाच इंची, मांडीचा घेर २७ आणि मागे अडकवलेली खरी नाडी असलेली ट्रंक घेतली. सकाळी फिरायला मात्र सात इंची, पुढचं आसन अकराच्या आतलं. परवा सकाळी पावणेसातला तलावाच्या काठावर दोघं बापलेक शेजारी उभे होते, एकाची पाच इंची, एकाची सात. ताईने फोटो पाठवला. दोन्ही कडा गुडघ्याच्या चार इंच वर, एका रेषेत.